शोधकाची टक्केवारी कशी वाचावी

एआयने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या शोधक साधनाने एखाद्या निबंधावर ‘८५ टक्के एआय’ असा निकाल दिला, की हा आकडा नेमका कशाचा आहे, ते प्रथम त्या साधनाच्या माहितीत पाहावे. काही साधनांत तो यंत्रलिखित वाटणाऱ्या मजकुराचा वाटा असतो, तर काहींत संपूर्ण मजकूर यंत्राचा असल्याबद्दलची साधनाची खात्री. यांपैकी कशाचाही अर्थ ‘निकाल चुकण्याची शक्यता १५ टक्के’ असा होत नाही, आणि नवखे वाचक बहुधा तेच गृहीत धरतात.

ती शक्यता तपासलेल्या गठ्ठ्यावरही अवलंबून असते. समजा, २०० निबंधांपैकी २० यंत्रलिखित आहेत. साधन त्यांतले ९० टक्के पकडते आणि माणसांनी लिहिलेल्यांपैकी ५ टक्क्यांवर चुकीचा ठपका ठेवते. मग १८ निबंध योग्य रीतीने सापडतील, पण उरलेल्या १८० पैकी ९ विनाकारण अडकतील, म्हणजे ठपका आलेल्या २७ जणांपैकी एकतृतीयांश निर्दोष असतील. यंत्रलिखित निबंध चारच असते, तर ठपका आलेल्यांत निर्दोषांचीच बहुसंख्या झाली असती.

मोठा आकडा मुख्यतः शब्दयोजना अपेक्षित वळणाची आणि एकसुरी असल्याचे दाखवतो. परक्या भाषेत जपून लिहिणाऱ्याचे लेखनही तसेच असते, त्यामुळे लेखक कोण हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या मागवाव्यात आणि निबंधातला एखादा युक्तिवाद लेखकाकडून तोंडी समजून घ्यावा. एखाद्याच परिच्छेदावर आलेली टक्केवारी तर मी विचारातच घेत नाही.