द्वंद्वगीतात द्वंद्व कुठाय?

प्रश्न : आई आणि मुलगी आळीपाळीने बोलतात अशी कविता लिहिते आहे. तिला ‘द्वंद्वगीत’ म्हणावं का? त्यांचं भांडण तर नाहीये. आणि कोण बोलतंय हे वाचणाऱ्याला कसं कळावं? प्रत्येक ओळीवर नाव घालू का?

खुशाल म्हणा. फक्त ‘द्वंद’ लिहू नका. निवेदनात, निमंत्रणपत्रिकेत, स्पर्धेच्या निकालात, जिथे बघावं तिथे हल्ली ‘द्वंदगीत’ असतं. दुसरा ‘व’ गाळला की शब्दाचा अर्धा जीवच जातो, कारण हा शब्द म्हणजे ‘द्वम् द्वम्’. दोन दोन. ‘दोन’ दोनदा उच्चारून झालेला शब्द आहे हा, आणि त्यातला एक ‘दोन’ लोक गिळून टाकतात.

भांडणाचा अर्थ ‘द्वंद्वयुद्धा’तून आला असावा. तिथेही युद्ध हे ‘युद्ध’ या शब्दात आहे, ‘द्वंद्व’ एवढंच सांगतं की एकास एक. पण जोडशब्दातल्या शेजाऱ्याचा गुण लागला आणि ‘मनात द्वंद्व चालू आहे’ म्हणजे मनात मारामारी, असं झालं. मूळ अर्थ फार गोड आहे. पाणिनीने या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र केलं (८.१.१५) आणि हे दुहेरी रूप कोणकोणत्या अर्थांनी वापरावं ते सांगितलं. त्यातला पहिलाच अर्थ ‘रहस्य’. पाणिनीच्या सूत्रांवरच्या ‘काशिका’ या जुन्या टीकेतलं उदाहरण आहे ‘द्वन्द्वं मन्त्रयन्ते’. दोघं दोघं मिळून, तिसऱ्याला कळू न देता, बोलताहेत. मायलेकींच्या कवितेला याहून चपखल शब्द आणून दाखवा!

‘युगुलगीतच शुद्ध’ म्हणणारे जाणकार मला भेटतात. शुद्ध असेल, पण मराठीत ‘युगुल’ म्हटलं की प्रेमी जोडपंच डोळ्यांपुढे येतं, आणि आई-मुलीचं युगुलगीत हे कानाला विचित्र लागतं. यावर त्यांचं उत्तर ‘कोशात तसं नाही’. कोशात नसेल, कानात आहे.

आता माझी आवडती कल्पना. ‘मायलेकी’ हा शब्द स्वतःच द्वंद्व समास आहे. दोन्ही पदं तोलाची, मधला ‘आणि’ गाळलेला. दोन आवाजांची कविताही नेमकी अशीच असते : दोन्ही बोलणाऱ्या तोलाच्या, आणि ‘आई म्हणाली’, ‘मुलगी म्हणाली’ हे मधलं सगळं गाळलेलं. समासाचा ‘आणि’ परत आणतो त्याला आपण विग्रह म्हणतो. तुमचा वाचक जे करणार आहे तोही विग्रहच. आणि गंमत अशी की संस्कृतात ‘विग्रह’चा एक अर्थ युद्ध (‘संधिविग्रह’ आठवा). म्हणजे भांडण शोधायचंच असेल तर ते द्वंद्वात नाही, द्वंद्वाच्या विग्रहात आहे. ही कोटी आहे, व्युत्पत्ती नाही, हे माझ्या व्याकरणवाल्या मित्राने तीनदा सांगून झालंय. असू दे.

तर विग्रह. मराठीत बोलणाऱ्याचा माग काढायला दोन खुणा फुकट मिळतात. क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं : मी झोपले, मी झोपलो. आणि ‘गं’, ‘रे’ ऐकणाऱ्याचं लिंग सांगतात. आई आणि मुलगा असते तर प्रश्नच नव्हता, ‘दिवा मालवू का रे’ म्हणताच बोलणारी आई ठरली असती. तुमची पंचाईत अशी की दोघीही स्त्रिया, दोघीही एकमेकींना ‘तू’ म्हणणार, आणि ‘अगं’ दोन्हीकडून चालतं. शिवाय मुलगा असता तरी दोन जागी घसरला असतात : ‘मी झोपेन’मध्ये लिंग दिसत नाही, आणि ‘मी दिवा मालवला’मध्ये क्रियापद दिव्याच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. (‘प्यायलो’, ‘शिकलो’ असे थोडे अपवाद.)

हे बघा, जुळवलेल्या चार ओळी :

दिवा मालवू का गं आता?
राहू दे ना थोडा वेळ.
मी पुस्तक मिटून ठेवलं.
अजून नाही सरला खेळ.

तिसरी ओळ कोणाची? आळीपाळीच्या हिशेबाने आईची. पण मुलगीही म्हणू शकते : मी पुस्तक मिटलं, म्हणजे तुझं ऐकलं, आता दिवा तरी राहू दे. ‘मिटून ठेवलं’ हे पुस्तकामागे गेलंय, त्यामुळे तिथे काही हाती लागत नाही. वाचक इथे चुकला की चौथी ओळ आईच्या तोंडी जाते आणि सगळं उलटंपालटं होतं. आता एकच शब्द बदला : ‘तुझं पुस्तक मिटून ठेवलं’. झालं. पुस्तक जिचं ती ऐकणारी, म्हणून बोलणारी आई. नाव नको, कंस नको. अशी खूण वस्तूंमध्ये असते : कोणाचं पुस्तक, कोणाची उंची पुरत नाही, कोणाला उद्या लवकर उठायचंय. आणखी एक बघा, ‘वेळ’ आणि ‘खेळ’ हे यमक दोन्ही वेळा मुलीकडे आहे. दोन कडव्यांत कान शिकतो की यमक जुळलं म्हणजे मुलगी बोलली. आईला एकदाही यमक देऊ नका.

फक्त आळीपाळीवर भिस्त ठेवू नका, कारण ती कधीतरी मोडायची असते आणि मोडावीच. ऋग्वेदात इंद्राची दूती कुत्री सरमा आणि गाई लपवून ठेवणारे पणी यांच्या संवादाचं सूक्त आहे (१०.१०८), अकरा ऋचांचं. विषम ऋचा पणींच्या, सम सरमेच्या, अशी ठाकठीक पाळी दहाव्या ऋचेपर्यंत चालते. मूळ ऋचांवर नावं नाहीत, कोणती ऋचा कोणाची हे अनुक्रमणी, म्हणजे सूक्तांची जुनी सूची, सांगते. हिशेबाने अकरावी पणींची यायला हवी. ती सरमेचीच आहे : ‘दूरमित पणयो’, पणींनो, दूर निघून जा. दोन ऋचा लागोपाठ तीच बोलते, समोरच्याला बोलायची पाळीच देत नाही, आणि ऐकणारा गोंधळत नाही कारण ‘पणयः’ ही हाक तिथेच आहे. पाळी मोडायची तिथे हाक घाला, ती शक्यतो ओळीच्या सुरुवातीला. ‘आई’ ही हाक तर एकाच बाजूने जाते, ती सांभाळून, अशा जागेसाठी राखून ठेवा. पहिल्या चार ओळींत पाचदा उधळलीत तर तिथे उपयोगी पडणार नाही.

नावांचं विचारलं होतंत. ओळीवर नाव घातलं की ते नाटक होतं. अवतरणचिन्हं किंवा एकीच्या ओळी आत सरकवणं कागदावर चालतं, पण मोठ्याने म्हणताना दोन्ही नाहीशी होतात. म्हणून चिन्हं काढून एक प्रत करा, कविता न पाहिलेल्या दोघांना द्या आणि समासात प्रत्येक ओळीपुढे ‘आ’ किंवा ‘मु’ लिहायला सांगा. (हा समास वेगळा, कागदाच्या कडेचा.) दोघांचं जिथे जुळणार नाही तेवढ्याच ओळींना हात लावा.