हीट पंप आणि गाडीची बॅटरी
थंडीत हीटर लावला की इलेक्ट्रिक गाडीची रेंज पडते. हीट पंपवाल्या गाडीत बॅटरी कमी का लागते?

कारण हीट पंप बहुतेक उष्णता बाहेरच्या हवेतून उचलून आणतो. ० अंशाच्या हवेतही ती असते. बाहेरच्या कॉइलमधलं रेफ्रिजरंट, म्हणजे खूप कमी तापमानालाही उकळणारं द्रव्य, त्या हवेहून थंड असल्याने ते उष्णता शोषून उकळतं. कॉम्प्रेसर त्या वाफेचा दाब वाढवतो, ती तापते आणि केबिनकडच्या कॉइलमध्ये द्रव होताना उष्णता सोडते. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसरला.

समजा केबिनला ३ किलोवॉट उष्णता हवी आहे. साधा हीटर बॅटरीतून ३ किलोवॉटच ओढतो. हीट पंप शून्य अंशाच्या आसपास साधारण १ ते १.५. उणे २० अंशांत मात्र हा फायदा बराच घटतो, आणि बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरला तर तो वितळवायलाही ऊर्जा जाते. त्यामुळे अनेक गाड्यांत जोडीला साधा हीटरही असतो.