किण्वन की विनॉक्सिश्वसन?

प्रश्न: "यीस्ट साखरेपासून अल्कोहोल करते त्याला कुठे किण्वन म्हटलेले असते, कुठे विनॉक्सिश्वसन. स्नायूंबाबत मात्र विनॉक्सिश्वसनच वाचायला मिळते. नेमका शब्द कोणता? आणि क्रिया एकच असेल तर स्नायूंत वायू का तयार होत नाही?"

दोन्हीकडे काटेकोर शब्द किण्वन हाच. शालेय पुस्तकांत विनॉक्सिश्वसन हा शब्द 'ऑक्सिजनशिवाय ऊर्जा मिळवणे' एवढ्या ढोबळ अर्थाने येतो, आणि त्या पातळीवर तो चालतो. जीवरसायनात मात्र श्वसन म्हणायचे तर अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका वहन साखळीतून जाऊन शेवटी बाहेरून आलेल्या पदार्थाकडे पोहोचले पाहिजेत. तो पदार्थ ऑक्सिजन असेल तर ऑक्सिश्वसन. काही जिवाणू त्याऐवजी नायट्रेट किंवा सल्फेट वापरतात, ते खरे विनॉक्सिश्वसन. किण्वनात बाहेरचा ग्राहक नसतोच. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन साखरेचेच तुकडे परत घेतात.

सुरुवात सगळीकडे सारखी असते. ग्लायकोलायसिसमध्ये ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुवेटचे दोन रेणू होतात आणि पेशीला निव्वळ 2 एटीपी मिळतात. हे होताना एनएडी नावाचा वाहक इलेक्ट्रॉन घेऊन भरतो. पेशीत एनएडी मोजकेच असते, त्यामुळे भरलेले वाहक रिकामे झाले नाहीत तर ग्लायकोलायसिसच अडते. ऑक्सिजन असताना तंतुकणिका हे काम करतात. पायरुवेटचे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात रूपांतर होते आणि एका ग्लुकोजमागे एकूण 30 ते 32 एटीपी हाती येतात (जुन्या पुस्तकांत हा आकडा 38 दिलेला असतो). किण्वन फक्त वाहक रिकामे करते. त्या पायरीत एकही नवा एटीपी बनत नाही. 'किण्वनातून 2 एटीपी मिळतात' असे लिहिले जाते, पण ते दोन ग्लायकोलायसिसचे असतात.

आता वायूचा प्रश्न. स्नायूपेशीत पायरुवेट स्वतःच इलेक्ट्रॉन घेते आणि त्याचे लॅक्टेट होते. तीन कार्बनचा रेणू तीन कार्बनचाच राहतो, काहीच सुटत नाही. यीस्टमध्ये एक पायरी जास्त आहे: आधी पायरुवेटमधून एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो, उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडला इलेक्ट्रॉन मिळतात आणि इथेनॉल तयार होते. ही पायरी घडवणारे पायरुवेट डीकार्बॉक्सिलेज हे विकर आपल्या स्नायूंत नाही. वजनात पाहिले की हे स्पष्ट दिसते. 180 ग्रॅम ग्लुकोज स्नायूंच्या वाटेने गेले तर 180 ग्रॅम लॅक्टिक आम्ल होते. यीस्टच्या वाटेने गेले तर 92 ग्रॅम इथेनॉल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. पूर्ण ऑक्सिश्वसन झाले तर त्याच ग्लुकोजला 192 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो.

विनॉक्सिश्वसन हा शब्द आणखी एका कारणाने फसवा आहे. लुई पाश्चरने किण्वनाला हवेविना जगणे म्हटले होते, पण पावाच्या यीस्टला भरपूर ग्लुकोज मिळाले तर ते हवा खेळती असतानाही अल्कोहोल बनवते. याला क्रॅबट्री परिणाम म्हणतात. स्नायूंचेही तसेच. जोरात धावताना स्नायूंतला ऑक्सिजन संपलेला नसतो. ग्लायकोलायसिसचा वेग तंतुकणिकांना झेपेनासा होतो, म्हणून जादा पायरुवेट लॅक्टेटकडे वळते. तेव्हा ऑक्सिजन आहे की नाही यापेक्षा इलेक्ट्रॉन शेवटी कोणी घेतले, हे पाहून शब्द निवडावा.

प्रयोगशाळेतली गफलतही यातूनच होते. ग्लुकोजचे द्रावण उकळून कोमट करायचे, यीस्ट घालून वर तेलाचा थर द्यायचा आणि निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा, हा प्रयोग ओळखीचा आहे. निवळी दुधाळ झाली की किण्वन सिद्ध झाले असे लिहून मोकळे होतात. पण कार्बन डायऑक्साइड ऑक्सिश्वसनातही निघतो, त्यामुळे तेल न घातलेल्या नळीतही निवळी दुधाळच होणार. पुरावा हवा तर अल्कोहोल शोधावे लागते. द्रावणाचे ऊर्ध्वपातन करून पहिल्या थेंबांत आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेट घालून गरम केले की नारिंगी रंग हिरवा होतो. ऊर्ध्वपातन टाळून चालत नाही, कारण उरलेले ग्लुकोजही डायक्रोमेटचा रंग बदलते.

मराठीत दमल्यावर 'अंग आंबले' म्हणतात, आणि आंबणे म्हणजे किण्वनच, म्हणून तो वाक्प्रचार लॅक्टिक आम्लाशी जोडण्याचा मोह होतो. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याला मात्र लॅक्टिक आम्ल कारण नाही. लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून निघून जाते: काही हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात, काहीचे यकृत पुन्हा ग्लुकोज करते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या दाहाचे असते.