आयव्ही 14, एचव्ही 10, मग मधले 4 टक्के आपले का?

"सर, वय 48, खाजगी नोकरी. 18 लाखांचे इक्विटी म्युच्युअल फंड आहेत, त्यातले बरेचसे मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी, दोन वर्षांनी लागतील. ते प्लेज करून दर महिन्याला निफ्टीचे ऑप्शन विकावे म्हणतो. आयव्ही 14 आहे आणि गेल्या महिन्याची एचव्ही 10, म्हणजे विकणाऱ्याला 4 टक्क्यांचा फायदा आहेच ना? करू का?"

हे फंड प्लेज करून, म्हणजे तारण ठेवून, तर अजिबात करू नका. कारण सांगतो, म्हणजे नुसतं भीतीपोटी बोलतोय असं वाटायला नको.

आयव्ही म्हणजे ऑप्शनच्या किमतीत बाजाराने धरलेला पुढचा चढउतार, एचव्ही म्हणजे आधी खरंच झालेला, दोन्ही वार्षिक टक्क्यांत. आधी त्यांच्यातला 4 चा फरक रुपयात किती होतो ते बघू. निफ्टी 25,000 धरा, एक्सपायरीला महिना बाकी, आणि तुम्ही 25,000 चा कॉल, म्हणजे निफ्टी वर गेला तर भरपाई देणारा ऑप्शन, आणि पुट, म्हणजे खाली गेला तर देणारा, असे दोन्ही विकले. आयव्ही 14 असेल तर दोन्हीचा मिळून प्रीमियम साधारण 808 पॉइंट येतो, तेच 10 च्या हिशोबाने 577 च्या आसपास. फरक 231 पॉइंट, 65 च्या लॉटला सुमारे 15,000 रुपये. म्हणजे फायदा खोटा नाहीये, बहुतेक महिन्यांत आयव्ही ही पुढे जी हालचाल खरंच होते तिच्यापेक्षा थोडी जास्तच असते, आणि ऑप्शन विकणारे त्यावरच जगतात.

पण तुम्ही तुलना चुकीच्या दोन आकड्यांची करताय. एचव्ही 10 ही झालेल्या दिवसांची, रोजच्या परताव्यांवरून काढलेली. आयव्ही 14 ही येणाऱ्या महिन्याची किंमत. तुम्हाला नफा-तोटा होणार तो आजची आयव्ही आणि पुढच्या 30 दिवसांत खरी होणारी हालचाल यांच्यातल्या फरकावर, आणि ती दुसरी बाजू आज कोणाकडेच नसते.

2024 ची निवडणूक आठवा. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात इंडिया विक्स, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनवरून काढलेला आयव्हीचा निर्देशांक, 10-11 ला होता, मे संपेपर्यंत 24 च्या घरात गेला, आणि त्या मानाने निफ्टी फारसा हललाच नव्हता, त्यामुळे एचव्ही बघणाऱ्याला प्रीमियम भयंकर महाग दिसत होता, विका विका असंच वाटावं. पण बाजार 4 जूनच्या निकालाची किंमत लावत होता. 3 जूनला निफ्टी सव्वातीन टक्के वर, 4 जूनला जवळपास 6 टक्के खाली, 23,264 वरून 21,885. विक्स दिवसभरात 31 च्या वर गेला. आणि गंमत नाही, खरंच नीट बघा, 7 जूनला निफ्टी परत 23,290 ला बंद झाला. म्हणजे ज्याला ते तीन दिवस पोझिशन धरता आली तो बऱ्यापैकी सुटला, ज्याची ब्रोकरने 4 तारखेला कापली त्याचा तोटा पक्का झाला.

तुम्ही दुसऱ्या गटात जाल, आणि माझा खरा आक्षेप हाच आहे. फंड प्लेज केले की मार्जिन, म्हणजे ऑप्शन विकायला ब्रोकरकडे लागणारी अनामत, मिळतं, पण साधारण अर्धं मार्जिन रोख किंवा रोखीसमान लागतं आणि तोट्याचे पैसे तर रोखच भरावे लागतात. बाजार 6 टक्के पडला त्या दिवशी तुमची पोझिशन तोट्यात, आयव्ही वाढल्यामुळे तो तोटा आणखी मोठा, ब्रोकर जास्त मार्जिन मागणार, आणि प्लेज केलेल्या इक्विटी फंडाची किंमतही त्याच दिवशी खाली. चारही गोष्टी एकदम. हा प्रीमियम विमा कंपनीसारखाच मिळतो, कारण सगळ्यांवर एकाच दिवशी संकट येतं तेव्हा भरपाई द्यायला विकणारा तयार असतो. मुलीच्या फीच्या पैशांवर तुम्ही ती जबाबदारी घेणार आहात का?

आकडा बघा: 1,500 पॉइंटची घसरण टिकली तर मिळालेला 808 चा प्रीमियम वजा जाऊन एका लॉटला एक्सपायरीला 692 पॉइंट, म्हणजे 45,000 रुपये तोटा. अपेक्षित फायद्याचे तीन महिने गेले. मार्च 2020 ला 23 तारखेला निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के पडला होता, तसं झालं तर दीड लाखाच्या वर जातं, आणि 18 लाखांवर मार्जिन मिळतंय म्हणून माणूस एका लॉटवर थांबत नाही, चार-पाच लॉट टाकतो.

शिकायचंच असेल तर वेगळे, रोख दोन-अडीच लाख बाजूला काढा आणि एकच लॉट, तोही 23,500 चा पुट आणि 26,500 चा कॉल विकत घेऊन. त्याला अंदाजे 75 पॉइंट जातील, 231 चा फरक 155-160 वर येईल, पण जास्तीत जास्त तोटा 50,000 च्या आसपास अडकतो, निफ्टी कुठेही जावो. दर महिन्याला विकतानाची आयव्ही आणि एक्सपायरीपर्यंतची खरी एचव्ही शेजारी शेजारी लिहून ठेवा, वर्षभर. निवडणूक, बजेट असं काही त्या महिन्यात असेल तर विकूच नका. आणि फीसाठीच्या रकमेपैकी या वर्षात अर्धी इक्विटीतून काढून शॉर्ट टर्म डेटमध्ये न्या, हे ऑप्शनचं काही न करताही करायलाच हवं.