मॉडेल 822 म्हणतंय, शेअर 560 ला आहे. घेऊ का?

प्रश्न: मी 61 वर्षांचा, निवृत्त. 8 लाखांची एफडी मोडतोय. एका कंपनीचा आरओई, म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरचा नफा, 24 टक्के आहे, नफ्यातला 60 टक्के लाभांश देते, म्हणजे वाढ 24 च्या उरलेल्या 40 टक्के, 9.6 टक्के. 18 रुपये लाभांश आणि 12 टक्के अपेक्षित परतावा धरून, पुढच्या वर्षीच्या लाभांशाला परतावा वजा वाढ याने भागणाऱ्या मॉडेलने शेअरची किंमत 822 येते. बाजारात 560 ला मिळतोय. सगळी रक्कम टाकू का? उत्पन्नही हवंय.

उत्तर: सगळी रक्कम टाकू नका. तुमची आकडेमोड बरोबर आहे, पण तिच्यात घातलेला 24 हा आकडा त्या धंद्याचा नेहमीचा नाही.

वाढीचं सूत्र कशावर उभं आहे ते आधी बघू. वर्षाच्या सुरुवातीला शेअरचं पुस्तकी मूल्य, म्हणजे शेअरमागचं भांडवल, 125 रुपये होतं. नफा झाला 30, लाभांश गेला 18, कंपनीत उरले 12. म्हणून पुस्तकी मूल्य 137 झालं, वाढ 9.6 टक्के. नवे शेअर न काढता आणि भांडवलाच्या मानाने कर्ज न वाढवता कंपनी एवढीच वाढू शकते. मात्र त्यासाठी पुढच्या वर्षी त्या 137 रुपयांवरही 24 टक्केच सुटायला हवेत.

तुम्ही पाठवलेल्या वार्षिक अहवालात नफा-तोटा पत्रकातली ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ पाहा. कंपनीने जमीन विकली आहे. कर जाऊन शेअरमागे 7.50 रुपये त्यातून आले. जमीन दरवर्षी विकता येत नाही. ते वजा केले की नेहमीचा नफा 22.50 उरतो आणि आरओई 18 टक्क्यांवर येतो.

इथे बहुतेकजण 24 च्या जागी 18 लिहितात आणि बाकी सगळं तसंच ठेवतात. पण हे आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. लाभांश 18 रुपयेच राहिला, तर 22.50 मधले 80 टक्के वाटले गेले. मागे उरले 20 टक्के. वाढ 18 च्या 20 टक्के, म्हणजे 3.6. मॉडेल 222 रुपये सांगतं. उलट कंपनीने 60 टक्क्यांचंच धोरण पाळलं, तर वाढ 7.2 टक्के होते, पण लाभांश 13.50 वर उतरतो. मग किंमत सुमारे 301. भरघोस लाभांश आणि वेगवान वाढ, दोन्ही एकाच नफ्यातून निघत नाहीत.

222 किंवा 301 हीही मी खरी किंमत मानत नाही. तुमच्याच आकड्यांत अपेक्षित परतावा 12 ऐवजी 13 टक्के धरा, 822 चे 580 होतात. भागाकार 12 वजा 9.6, म्हणजे फक्त 2.4 टक्क्यांनी चाललाय, त्यामुळे जरा धक्का लागला की उत्तर कुठल्या कुठे जातं. शिवाय हे मॉडेल ती वाढ कायमची धरतं. 9.6 टक्के कायम, हे मला कुठल्याच कंपनीसाठी पटत नाही.

म्हणून मी गणित उलट करतो. 560 रुपये भाव, 18 रुपये लाभांश आणि 12 टक्के परतावा यांचा मेळ बसायला साधारण 8.5 टक्के वाढ लागते. नफ्यातले 20 टक्केच मागे राहत असतील, तर त्यासाठी आरओई 42 टक्क्यांच्या वर हवा. इथे आहे 18.

जमीन विकली नसली तरी आरओई फसवू शकतो. हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये एप्रिल 2020 मध्ये जीएसके कन्झ्युमर विलीन झाली. बदल्यात नवे शेअर दिले गेले आणि सुमारे 8 हजार कोटींचं स्वभांडवल वर्षभरात 47 हजार कोटींच्या घरात गेलं. 80 टक्क्यांच्या पुढचा आरओई 20 च्या खाली आला. साबण-शाम्पूचा धंदा काही एका रात्रीत बिघडला नव्हता. अशा वेळी जुना आरओई घातला तर वाढ अवास्तव येते. नवा घातला तर, नफ्यातला बहुतेक भाग वाटणाऱ्या कंपनीची वाढ जवळजवळ शून्य दिसते. तिथे विक्री आणि नफ्याची आठ-दहा वर्षांची वाढ पाहावी, सूत्र बाजूला ठेवावं.

आता उत्पन्नाचं. 560 च्या भावाने 8 लाखांचे 1,428 शेअर येतील. 18 रुपये टिकले तर वर्षाला सुमारे 25,700, आणि 13.50 झाले तर 19,300 रुपये. हेच पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत, तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 16,400 येतात, वर्षाला 65,600. व्याज आणि लाभांश, दोन्हीवर कर तुमच्या टप्प्याप्रमाणेच. व्याज वाढत नाही, लाभांश वाढू शकतो, हे खरं. पण 3.6 टक्क्यांनी वाढत 25,700 चे 65,600 व्हायला पंचवीस वर्षांहून जास्त लागतील.

7 लाख बचत योजनेत टाका. उरलेल्या लाखाचा हा शेअर घ्यायचाच असेल, तर पुढचा वार्षिक निकाल येऊ द्या. जमिनीचे पैसे नसताना लाभांश किती जाहीर होतो ते बघून ठरवा.