केळी वेफर्सची रील आणि लहान मुलं

भाऊ, सावद्याच्या दुकानाच्या रीलमध्ये आठ वर्षांची मुलगी घेताय, तर कॅमेऱ्याआधी परवानगी बघा.

पैसे द्या वा न द्या, जाहिरातीत १४ वर्षांखालचं मूल असेल तर चित्रीकरण जिथे होणार, त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. इथे ते जळगावला. २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, सलग तीन तासांच्या वर नाही, आणि मोबदल्याचा किमान २० टक्के भाग मुलीच्या नावावर मुदत ठेवीत.

नवे लोक काकाच्या फोनवरच्या ‘चालेल’वर काम उरकतात. आई-वडिलांची सही घ्या, आणि कागदावर लिहा: व्हिडिओ कुठे दिसणार (फक्त इन्स्टाग्राम की बस स्टँडचा फलकही), किती महिने, आणि नको म्हटल्यावर कधी काढणार.

फ्रेममध्ये शाळेचा बिल्ला, घराची पाटी, गाडीचा नंबर नको. गणवेशाऐवजी साधा फ्रॉक घाला. मुलगी कंटाळली की थांबा. रडतानाचं फुटेज ‘गोड’ म्हणून वापरू नका.

आणि ‘वेफर्स खा, वर्गात पहिला नंबर’ हे वाक्य काढाच! शास्त्रीय पुराव्याशिवाय बुद्धी वाढण्याचा दावा २०२२ च्या दिशाभूल जाहिरातविरोधी मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. ‘कुरकुरीत आहेत’ एवढं पुरे.