आठ अक्षरं, आठ स्वर, तरी ‘वजन’ का चुकतं?

प्रश्न: इंदूरला आमच्या मंडळासाठी गणपतीचं गाणं बसवतोय. चाल आधी झाली आहे, केरव्यात आहे, शब्द माझे. चालीच्या ओळीत आठ स्वर आहेत म्हणून प्रत्येक ओळीत आठच अक्षरं ठेवली: ‘गणपती आले घरी / राजवाड्याच्या चौकात’. तबलजी म्हणतात वजन चुकतंय, पेटीवाले म्हणतात मीटर बसत नाही. हे दोन्ही एकच का? आणि आठाला आठ असून चुकतंय काय? चाल अशी आहे: लाऽ ल ल लाऽ लाऽ, लाऽ लाऽ लाऽऽऽ.

उत्तर: तबलजी आणि पेटीवाले एकाच दुखण्याकडे दोन बाजूंनी बोट दाखवताहेत. ‘मीटर’ म्हणजे चालीचा साचा: किती जागा, त्यातल्या लांब कोणत्या, आखूड कोणत्या. ‘वजन’ म्हणजे त्या जागेवर ठेवलेल्या अक्षराचा जडपणा. बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, त्यात बिघडत काही नाही. आपल्याकडे ‘वजन’ जास्त कानावर पडतं ते हिंदी-उर्दू कवितेच्या शेजारामुळे. गंमत म्हणजे उर्दूतला मूळ ‘वज़्न’ एका दमात उच्चारायचा शब्द आहे. आपण त्याचं व-जन करून त्याचंच वजन बदललं. छंदशास्त्रातले जुने शब्द हवे असतील तर अक्षराला लघु-गुरू म्हणा आणि साच्याला लगक्रम. मराठी गझल लिहिणारे तो ‘ल’ आणि ‘गा’ने लिहितात, तेच इथे सोयीचं आहे.

तुमची चाल तशी लिहिली की अशी दिसते:

गा ल ल गा गा | गा गा गाऽऽऽ

केरव्याच्या आठ मात्रांचं एक आवर्तन, अशी दोन. ‘ल’ला एक मात्रा, ‘गा’ला दोन, शेवटच्या गाला चार. पहिल्या आवर्तनात २, १, १, २, २ आणि दुसऱ्यात २, २, ४. इथे ‘मात्रा’ शब्दाने गोंधळ होऊ देऊ नका. कवीची मात्रा म्हणजे एका लघु अक्षराचा वेळ, तबल्याची मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका. तुमच्या चालीत या दोन्ही जुळल्या आहेत हा योगायोग आहे. लय बदलली की तालाच्या एका मात्रेत दोन लघु अक्षरं सहज जातात.

आता तुमची पहिली ओळ त्या जागांवर ठेवून बघा. ग-२, ण-१, प-१, ती-२, आ-२. मग ले-२, घ-२, री-४. आठ अक्षरं आठ जागांवर बसली, पण ‘ग’ आणि ‘घ’ या दोन ह्रस्व अक्षरांना दुप्पट ताणावं लागलं. ताणलेला ‘अ’ गाणाऱ्याच्या तोंडात टिकत नाही, तो ‘आ’कडे सरकतो. म्हणून ऐकणाऱ्याला ‘गाणपती’ आणि ‘घारी’ ऐकू येतं. नैवेद्याला भोपळ्याच्या घाऱ्या असतील तर ओळ प्रसंगाला धरून झाली म्हणायची, पण तुम्हाला ते अभिप्रेत नसावं.

याच ओळीत दुसरी चूक आहे, आणि माझ्या मते ती जास्त खुपते. ‘आले’मधला ‘आ’ पहिल्या आवर्तनाच्या शेवटी पडतो आणि ‘ले’ दुसऱ्या समेवर. तबलजी समेवर ‘धा’ जोराने देणार, म्हणजे सगळा भार ‘ले’वर. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण तिकडे दुर्लक्ष करतो. पण ‘आले’ म्हणताना आपला जोर ‘आ’वरच असतो आणि ‘ले’ सुटून जातो. उलट झालं की शब्द मधोमध दुमडल्यासारखा वाटतो. गाणारे बऱ्याचदा इथे नकळत ‘आ’ लांबवून समेला उशिरा पोचतात, आणि मग तबलजींना वाटतं की यांचा तालच कच्चा आहे.

पहिल्या दुखण्यावर बहुतेकांना सुचतो तो उपाय म्हणजे ‘गण’ समेच्या आधी, मागच्या आवर्तनाच्या सातव्या-आठव्या मात्रेवर उचलायचं. ग-१, ण-१, वजन बरोबर. मात्र मग सम येते ‘प’वर. समेवर नवा शब्द सुरू झाल्यासारखा कानाला भास होतो, आणि अख्खा मंडप ‘पती आले घरी’ ऐकतो. कोरसमध्ये बायकांचे आवाज जास्त असतील तर हशा ठरलेला. म्हणून समेआधी उचल घ्यायची असेल तर तिथे पूर्ण शब्द बसवावा (‘अहो’, ‘पहा’, ‘चला’). शब्दाचा तुकडा उचलीत आणि उरलेला समेवर, असं करू नये.

दुसरी ओळ इतकी बिघडलेली नाही. रा-२, ज-१, वा-१, ड्या-२, च्या-२. चौ-२, का-२, त-४. ‘चौ’ समेवर आला, हे उत्तम. मात्र ‘वा’ला एका मात्रेत दाबावं लागतं आणि पाठोपाठ ‘ड्या’ येतो, त्यामुळे जीभ अडखळते. खरी फजिती शेवटी आहे. चार मात्रांचा स्वर ‘त’वर धरायचा म्हणजे ‘चौका ताऽऽऽ’.

तुमच्या आठाच्या हिशेबाची गफलत इथेच उघडी पडते. तुम्ही लिहिलेली अक्षरं मोजलीत, उच्चारलेली नाही. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो आणि मधलाही पुष्कळदा गिळतो. ‘राजवाड्याच्या चौकात’ बोललं की राज्-वा-ड्या-च्या-चौ-कात्, म्हणजे सहाच तुकडे. ‘गणपती आले घरी’चे सात होतात, कारण ‘गणपती’ आपण गण्-प-ती म्हणतो. अभंगात मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं मोजतात तेव्हा लिहिलेलं प्रत्येक अक्षर धरतात. तिथे ते चालतं, कारण अभंगाच्या चाली त्या अक्षरसंख्येवरच पोसलेल्या आहेत आणि गिळलेला ‘अ’ गाताना परत उघडतो. तुमची चाल स्वतंत्र आहे. तिला फक्त संख्या देऊन भागत नाही.

गिळलेला ‘अ’ गाताना उघडायचा की नाही, याचा साधा नियम असा: आखूड जागेवर उघडा, लांब जागेवर उघडू नका. ‘वाजत’मधले ‘ज’ आणि ‘त’ एकेका मात्रेवर हलके उच्चारले तर कुणाला खटकत नाही. तोच ‘त’ चार मात्रा धरला की परका वाटतो.

मग साच्याकडे बघून शब्द शोधू. पहिल्या आवर्तनाला गा-ल-ल-गा-गा हवं. ‘गणपती’ हा ल-ल-ल-गा. तो इथे सरळ बसणारच नाही, कितीही ओढाताण केली तरी. ‘गणराया’ मात्र ल-ल-गा-गा आहे. त्याच्या आधी एक गुरू अक्षर लावलं की झालं: श्री-२, ग-१, ण-१, रा-२, या-२. दुसऱ्या आवर्तनाला तीन गुरू हवेत आणि समेवर ओळीचा मुख्य शब्द हवा. ‘गणराया’ ही हाक आहे, तेव्हा पुढे ‘आले’ न येता बोलावणंच यायला हवं:

श्री गणराया, ये दारी

‘ये’ बरोबर समेवर पडतो, ‘घरी’तल्या ह्रस्व ‘घ’ऐवजी ‘दा’ आला, आणि ‘री’ चार मात्रा निवांत धरता येतो. पाचव्या मात्रेवर, म्हणजे केरव्याच्या खालीवर, ‘राया’चा ‘रा’ येतो, तोही शब्दाच्या नैसर्गिक सांध्यावर.

दुसरी ओळ राजवाड्यापाशीच ठेवायची असेल तर:

वाजत आले चौकाशी
ढोल नि ताशे वाड्याशी

वा-ज-त आ-ले, चौ-का-शी. ढो-ल-नि ता-शे, वा-ड्या-शी. दोन्हीकडे गा-ल-ल-गा-गा, गा-गा-गा. इंदुरात नुसतं ‘वाडा’ म्हटलं तरी आधीच्या ‘चौका’मुळे राजवाडाच डोळ्यांपुढे येईल, त्यामुळे शब्द कापल्याचं नुकसान नाही.

‘नि’ इथे ह्रस्व घेतला आहे. नि/नी, परि/परी, आणि/आणी अशा थोड्या शब्दांना मराठीत दोन्हीकडे वळायची मुभा आहे. हिंदी-उर्दूत शब्दाच्या शेवटचा दीर्घ स्वर ‘पाडतात’, ‘मेरा’चा ‘रा’ लघु धरतात. ती सवय आपल्या कानाला असते म्हणून ‘माझी’चा ‘झी’ एका मात्रेत सरकवायचा मोह होतो. मराठीत तो ‘माझि’ असा तुटका ऐकू येतो. टाळाच.

जोडाक्षराचं एक लक्षात ठेवा. ‘भक्त’मधला ‘भ’ लिहायला ह्रस्व असला तरी ‘क्त’चा आघात त्याच्यावर येतो, म्हणून तो गुरू, ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर तसा आघात येत नाही, तो लघुच राहतो. कागदावर डोळ्यांनी ठरवू नका, मोठ्याने म्हणून बघा. पण ‘भक्’सारखा बंद गुरू दोन मात्रांपुरताच चालतो. ‘क्’ लागला की आवाज थांबतो, त्याला चार मात्रा ओढता येत नाही. शेवटच्या लांब जागेवर म्हणूनच उघडा दीर्घ स्वर लागतो. आणि तो सूर वरच्या पट्टीतला असेल तर ‘ई’पेक्षा ‘आ’ बरा. ‘ई’ वर आवळते. तसं असेल तर ‘श्री गणराया, या ना या’ घ्या, वजन तेच आहे.

‘राजवाड्याच्या चौकात’ सोडवतच नसेल तर संगीतकाराला विचारा: पहिल्या आवर्तनातल्या दोन आखूड स्वरांचा एक लांब स्वर करून मिळेल का? मग राज्-वा-ड्या-च्या प्रत्येकी दोन मात्रांवर मस्त बसतात, आणि पुढे ‘चौ’ दोन मात्रा, ‘का’ दोन स्वरांवरून सहा मात्रा नेऊन अगदी शेवटी ‘त्’ने बंद करायचा. एकट्याने गायच्या अंतऱ्यात हे छान वाटेल. ध्रुवपदात मात्र नको: पन्नास जण एकदम गातात तेव्हा शेवटचा ‘त्’ प्रत्येकाचा वेगळ्या वेळी पडतो आणि टाळ्यांच्या मध्येच त्-त्-त् ऐकू येत राहतं.